अँपिअर बरोबर, तरी मोटर जळाली

रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेली मोटर उघडली की जाणता कारागीर आधी कॉइलचा रंग पाहतो. एका फेजच्या कॉइल टकटकीत आणि बाकी दोन फेजच्या काळ्या, तर मोटर कधीतरी दोनच फेजवर चालली. एकाच जागी खोल भोक पडले असेल आणि आजूबाजूचे तार चकचकीत असतील, तर वेटोळी आपसांत भिडली. पण तिन्ही फेजच्या सगळ्या कॉइल सारख्याच करपलेल्या, वार्निश भुरभुरीत, बांधायचा दोरा हाताने तुटणारा, असे दिसले की निदान एकच: मोटर बराच काळ तापत राहिली. कारखान्याचा माणूस मग हमखास सांगतो, ‘क्लॅम्प मीटर लावून रोज बघत होतो, अँपिअर कधीच जास्त नव्हते. ओव्हरलोडही ट्रिप झाला नाही.’ यातले एकही वाक्य खोटे नसते.

मोटर ड्राइव्हवर होती आणि महिनोन् महिने हळू चालत होती, एवढी माहिती त्यात जोडली की कोडे सुटते. वाइंडिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता नेहमीइतकीच होती. ती बाहेर नेणारा वारा मात्र कमी झाला होता, आणि वारा मोजणारे कोणतेही उपकरण पॅनलमध्ये नसते.

कारखान्यात सर्वत्र दिसणारी बंद बॉडीची इंडक्शन मोटर स्वतःच्याच पंख्याने थंड होते. मागच्या बाजूला जाळीचे कव्हर असते आणि त्याच्या आत मोटरच्याच शाफ्टवर बसवलेला प्लास्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा. तो जाळीतून हवा ओढतो आणि बॉडीवरच्या उभ्या पट्ट्यांमधून पुढे ढकलतो. आंतरराष्ट्रीय मानकात या पद्धतीला आयसी ४११ असा क्रमांक आहे आणि बहुतेक नेमप्लेटवर तो कोरलेला सापडतो. मोटर थेट लाइनवर असेपर्यंत ही व्यवस्था बिनतोड आहे. मोटर फिरते तेव्हा पंखा फिरतो, मोटर थांबते तेव्हा उष्णताही थांबते.

ड्राइव्ह आला आणि हा हिशेब बदलला. पन्नास हर्ट्झवर साधारण १४७५ फेरे घेणारी चार पोलची मोटर आता पंधरा हर्ट्झवर सव्वाचारशे फेऱ्यांनी दिवसभर फिरू शकते. पंख्याचे फेरे जितके कमी, हवा तितकीच कमी, आणि हवेचा दाब तर वेगाच्या वर्गाने घसरतो. तीस टक्के वेगावर हवा तीस टक्के उरते आणि दाब नऊ टक्के. जाळीवर बोटभर कचरा साचला असेल तर त्या नऊ टक्के दाबाने हवा आत यायची कशी?

तरीही हळू चालणारी प्रत्येक मोटर जळत नाही. पाण्याच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचे उदाहरण घ्या. वेग निम्मा केला तर त्याला लागणारा टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवायचा जोर, चौथाई होतो. करंट उतरतो आणि उष्णताही उतरते, म्हणून कमी वाऱ्यावर भागते. मोठे पंखे आणि ब्लोअर यांचेही असेच आहे.

कन्व्हेयर, स्क्रू फीडर, कणिक मळल्यासारखे रबर मळणारे नीडर, गिअर पंप, प्लास्टिकचा एक्स्ट्रूडर यांचा स्वभाव वेगळा. डोक्यावर पोते घेतलेला हमाल सावकाश चालला म्हणून पोत्याचे वजन घटत नाही, तसे या यंत्रांना वेग कमी केला तरी टॉर्क जवळपास तेवढाच लागतो. इंडक्शन मोटरमध्ये टॉर्क तेवढाच म्हणजे करंट तेवढाच, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गावर ठरते. वेगाशी तिचा संबंध नाही. ओव्हरलोड रिले फसतो तो इथेच. तो करंटवरून तापमानाचा अंदाज बांधतो आणि त्यामागे ‘पंखा पूर्ण वेगाने फिरतो आहे’ हे गृहीत असते.

आकड्यांत पाहायचे तर जळगावसारख्या गावातला पीव्हीसी पाइपचा कारखाना डोळ्यांपुढे आणावा. पाइप, ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया यांचे हे मोठे केंद्र, आणि मे महिन्यात बाहेरच पारा ४४-४५ वर. समजा, एक्स्ट्रूडरवर ३७ किलोवॅटची आयई-३ दर्जाची चार पोलची मोटर आहे. तिचा पूर्ण टॉर्क २४० न्यूटन-मीटर. जाड भिंतीचा पाइप काढताना माल थंड करणारी टाकी घाई करू देत नाही, म्हणून स्क्रू सावकाश फिरवावा लागतो आणि मोटर पाळीमागून पाळी पंधरा हर्ट्झवर राहते. वितळलेले प्लास्टिक सावकाश ढकलले तर जास्त घट्ट वागते, त्यामुळे वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला तरी टॉर्क थोडासाच उतरतो. इथे तो पूर्णच धरू.

या मोटरची कार्यक्षमता ९३.९ टक्के. पूर्ण वेगावर ती ३९.४ किलोवॅट घेते, ३७ देते, आणि उरलेले २.४ किलोवॅट उष्णता होऊन बाहेर पडतात. पंधरा हर्ट्झवर लोखंडातली हानी बरीच कमी होते, पंख्याला लागणारी ताकदही वाचते, पण तांब्यातली हानी जशीच्या तशी राहते. ढोबळ हिशेबाने एकूण उष्णता १.७ किलोवॅट भरते. म्हणजे शाफ्टवर मिळणारी ताकद ३७ वरून ११ किलोवॅटच्या खाली आली, पण उष्णता फक्त तीस टक्क्यांनी उतरली.

आता ही उष्णता बाहेर जाते किती? पूर्ण वेगावर अशी मोटर भोवतालपेक्षा साधारण ८० अंशांनी तापते असे धरले, तर तापमानाच्या प्रत्येक अंशामागे तिची बॉडी तीस वॅट बाहेर टाकते. तीस टक्के हवेवर ही क्षमता तीस टक्क्यांवर येत नाही, कारण बॉडी नुसत्या उभ्या हवेतही थोडी उष्णता सोडतेच. ती निम्म्यावर येते असे मानू. मग १.७ किलोवॅटसाठी मोटर ११३ अंशांनी तापायला हवी. शेडमधले तापमान ४५ धरले तर वाइंडिंग १५८ अंशांवर पोचते. एफ वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १५५ आहे, आणि हे १५८ सुद्धा सरासरी तापमान. कॉइलच्या मधोमध त्याहून जास्त असते. इन्सुलेशनबद्दलचा जुना ठोकताळा सांगतो की दर दहा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. मोटर एका दिवसात जळत नाही ती याचमुळे. ती काही महिने किंवा एखादा उन्हाळा काढते आणि मग कोणाच्या लक्षातही नसताना जाते.

त्याच मोटरला स्वतंत्र ब्लोअर लावला तर पट्ट्यांवरून पूर्ण वेगाइतकी हवा वाहते, मोटर कितीही हळू फिरो. तीस वॅटची क्षमता परत मिळते, १.७ किलोवॅटसाठी ५७ अंशांची वाढ पुरते, आणि ४५ अंशांच्या शेडमध्ये वाइंडिंग १०२ च्या आसपास थांबते. ब्लोअर खातो शंभर वॅटच्या आसपास. वीस तास चालला तरी दिवसाला दोन युनिट.

या व्यवस्थेचा क्रमांक आयसी ४१६. शाफ्टवरचा पंखा काढून टाकतात, मागचे कव्हर लांब करतात आणि त्यात छोट्या मोटरसह पंखा बसवतात. एन्कोडर हवा असेल तर तो या कव्हरच्या आत, मुख्य शाफ्टच्या टोकावर बसतो. मोटरची लांबी वाढते, हे मात्र जागा मोजताना विसरले जाते. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या यंत्राला मागे वीतभर मोकळी जागा उरली नाही तर ब्लोअर हवा ओढणार कुठून?

यातले काहीच नवे शोधलेले नाही. एक्स्ट्रूडरवर पूर्वी डीसी मोटर असायची, आणि तिच्या पाठीवर फिल्टर लावलेला ब्लोअर घरघरत असायचा. तो सुरू झाल्याशिवाय डीसी ड्राइव्ह मोटरला चालूच देत नसे. पुढे ब्रश आणि कम्यूटेटरची कटकट नको म्हणून एसी मोटर आणि ड्राइव्ह आले. ब्रश गेले हे चांगलेच झाले, पण त्यांच्याबरोबर ब्लोअरही कोटेशनमधून गळाला, कारण एसी मोटरला ‘तिचा पंखा असतोच’. अनेक जुन्या यंत्रांच्या बाबतीत गडबड झाली ती या अदलाबदलीत.

ब्लोअर बसवल्यानंतरच्या चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत भोळी चूक म्हणजे त्याची वायर ड्राइव्हच्या आउटपुटवर, मुख्य मोटरच्याच टर्मिनलला जोडणे. पॅनलपासून वेगळी केबल ओढायचा त्रास वाचतो. पण मग पंधरा हर्ट्झवर ब्लोअरलाही पंधरा हर्ट्झ मिळतात आणि तो मुख्य मोटरबरोबरच सुस्तावतो. ज्यासाठी खर्च केला तेच गेले. ब्लोअरला लाइनवरून, स्वतःच्या एमपीसीबीतून, स्थिर ४१५ व्होल्ट आणि पन्नास हर्ट्झच हवेत.

दुसरी चूक दिशेची. तीन फेजचा छोटा ब्लोअर उलटाही तेवढ्याच उत्साहाने फिरतो आणि आवाजात फरक जाणवत नाही. अ‍ॅक्सिअल पंखा उलटा फिरला तर पट्ट्यांकडची गरम हवा ओढून जाळीतून बाहेर फेकतो, आणि तीही थोडकीच. कव्हरच्या जाळीला कागदाचा तुकडा लावून पाहावा. चिकटला तर हवा आत जाते आहे. उडाला तर ब्लोअरच्या दोन फेज बदलाव्यात. ड्रमसारख्या पंख्याच्या ब्लोअरला मात्र ही कसोटी पुरत नाही, कारण तो उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त कमी ढकलतो. तिथे कव्हरवरचा बाणच पाहावा लागतो. पॅनलचे काम करताना कोणी मुख्य लाइनच्या फेज अदलाबदल केल्या तर ब्लोअर उलटा होतो आणि ड्राइव्हवरची मोटर मात्र सरळच राहते, म्हणून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. लाइनचे काम झाले की कागदाची चाचणी पुन्हा करायची.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते. ब्लोअर लावला म्हणजे मोटरची काळजी मिटली असे समजून ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये तसे सांगून टाकले जाते. बहुतेक ड्राइव्हमध्ये मोटर स्वतःच्या पंख्यावर थंड होते की बाहेरच्या, हे सांगण्याची सोय असते. सीमेन्सच्या एमएम ४४० मध्ये ते `P0335`, तर श्नायडरच्या अल्टिव्हार मालिकेत `tHt` नावाने, `ACL` किंवा `FCL` असे निवडायचे. स्वतःचा पंखा निवडलेला असेल तर ड्राइव्ह कमी वेगावर करंटची मर्यादा आपणहून आवळतो आणि ब्लोअर असूनही उगाच ट्रिप होत राहतो. म्हणून कोणीतरी ते बदलून बाहेरचा ब्लोअर निवडतो, आणि ते योग्यही असते. पण त्या क्षणापासून ड्राइव्ह ब्लोअरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ब्लोअरचे बेअरिंग जाम झाले तरी त्याला पत्ता लागत नाही.

एमपीसीबीचा सहायक संपर्क ड्राइव्हला जोडला तर ब्लोअर ट्रिप झाल्याचे कळते. पण पंख्याचे पाते शाफ्टवर सैल झाले, जाळीवर कोणी पोते टाकले, किंवा पट्ट्यांमध्ये तेलात भिजलेली पावडर गच्च बसली, तर एमपीसीबीला काय कळणार? पीव्हीसीच्या कारखान्यात रेझिन आणि कॅल्शिअमची पांढरी भुकटी हवेत तरंगतच असते. तेलकट बॉडीवर ती लिंपल्यासारखी बसते आणि काही महिन्यांत पट्ट्यांमधल्या खाचा भरून टाकते.

त्यामुळे खरा साक्षीदार वाइंडिंगच्या आतच हवा. तो म्हणजे पीटीसी थर्मिस्टर: प्रत्येक फेजच्या कॉइलमध्ये खुपसलेला मसुराच्या डाळीएवढा मणी, तिन्ही एका ओळीत जोडलेले. थंड असताना तिघांचा मिळून रोध साडेसातशे ओहमच्या आत असतो. ठरलेले तापमान आले की तो एकदम काही हजारांवर उडी घेतो. करंट किती, वेग किती, ब्लोअर फिरतो की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. तो फक्त उष्णता पाहतो. मोटर विकत घेताना किंवा रिवाइंडिंग करताना हे मणी टाकून घेणे स्वस्त पडते. नंतर ते घालता येत नाहीत. एक सावधगिरी मात्र हवी: ते साध्या मल्टिमीटरने तपासायचे, मेगर कधीही लावायचा नाही. मेगरच्या शेकडो व्होल्टला ते जागीच मरतात.

एक्स्ट्रूडरमध्ये आणखी एक पेच आहे. थर्मिस्टर बोलला की मोटर तत्काळ बंद, हा नियम कन्व्हेयरला चालेल. पीव्हीसी बॅरलमध्ये अडकून राहिला तर तो तापून कुजतो, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि स्क्रू, बॅरल, डाय सगळे खायला लागते. मोटर वाचवताना स्क्रू गमावणे हा काही शहाणपणाचा सौदा नाही. म्हणून अशा यंत्राला थर्मिस्टरच्या दोन जोड्या घ्याव्यात, १३० अंशांची इशाऱ्याला आणि १५५ ची थांबवायला. ब्लोअर बंद पडल्याची सूचनाही आधी भोंगा वाजवणारी असावी, एकदम थांबवणारी नव्हे. एवढी मोठी मोटर सावकाश तापते. भोंगा वाजल्यापासून माल बाहेर काढून बॅरल रिकामे करण्याएवढा अवधी ऑपरेटरला सहसा मिळतो. मुख्य मोटर थांबल्यानंतर ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. आतली साठलेली उष्णता नाहीतर बेअरिंगच्या ग्रीसमध्ये उतरते.

ब्लोअरलाही त्याच्या मर्यादा आहेत. तो बॉडीच्या बाहेरून वारा घालतो. रोटर आत असतो, आणि टॉर्क तेवढाच असल्याने रोटरच्या सळयांतही उष्णता तेवढीच होते. ती हवेची फट ओलांडून बॉडीकडे यायला आतली हवा ढवळली जावी लागते. हे काम रोटरच्या टोकांवरची छोटी पाती करतात, आणि रोटर हळू तर पातीही हळू. पाच हर्ट्झच्या खाली पूर्ण टॉर्कवर तासन् तास चालायचे असेल तर ब्लोअर लावूनही मोटर बनवणाऱ्याला विचारणे भाग आहे. जवळपास शून्य वेगावर आणखी एक गोष्ट घडते: एकाच फेजमध्ये करंट शिखरावर बराच वेळ रेंगाळतो आणि त्या फेजमधली उष्णता सरासरीच्या दुपटीपर्यंत जाते.

शिवाय ब्लोअर मागवण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: मोटर एवढी हळू का फिरते आहे? यंत्र कायमच पंधरा हर्ट्झवर चालत असेल तर दोष पुलीच्या किंवा गिअरबॉक्सच्या निवडीत आहे. पुली बदलून मोटर चाळीस हर्ट्झवर आणली तर तेच काम तिला २४० ऐवजी ९० न्यूटन-मीटरमध्ये करता येते. करंट उतरतो, पंखाही जोमात फिरतो आणि ब्लोअरची गरज उरत नाही. हा उपाय सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत शेवटी आठवतो. आपल्या कारखान्याला तो लागू पडत नाही, कारण आज जाड पाइप आणि उद्या पातळ, आणि पातळ पाइपाला पूर्ण वेग लागतो.

मोठी मोटर हा दुसरा पर्याय. इथे ५५ किलोवॅटची घेतली तर तिच्यावर टॉर्क ६८ टक्केच पडतो आणि अनेक मोटरना तेवढा पंधरा हर्ट्झवर जेमतेम झेपतो. पण तिच्या शाफ्टची उंची २२५ ऐवजी २५० मिलिमीटर, म्हणजे फाउंडेशन आणि कपलिंग सगळेच बदलायचे. धूळ आणि ओल इतकी की ब्लोअर टिकणारच नाही, अशा जागी हे करावे. एरवी ब्लोअर बरा.

मोटर तापते आहे की नाही हे हात लावून ठरवू नये. पूर्ण निरोगी मोटरची बॉडीही सत्तर-ऐंशी अंशांवर असते आणि हात चटकन मागे येतो. इन्फ्रारेड गनचा आकडा बॉडीचा असतो. वाइंडिंग त्याहून वीस-तीस अंश वर असू शकते. खरे मोजमाप तांबेच देते. मोटर रात्रभर थंड झाली की मायक्रो-ओहम मीटरने वाइंडिंगचा रोध आणि शेडचे तापमान लिहून ठेवायचे. मग सहा-आठ तास नेहमीच्या हळू वेगावर चालवून बंद करायची. ड्राइव्हचा मेन आयसोलेटर पाडायचा, ड्राइव्हवर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, कारण आतले कपॅसिटर भरलेले असतात. मग मोटरच्या वायरी सोडवून लगेच पुन्हा रोध मोजायचा. सूत्र सोपे आहे:

```
t2 = (R2 / R1) × (235 + t1) − 235
```

सकाळी शेड ३० अंशांवर होती आणि संध्याकाळचा रोध सकाळच्या १.४ पट आला, तर वाइंडिंग १३६ अंशांवर आहे. हिवाळ्यात हा आकडा आला असेल तर त्यात मे महिन्याचे दहा-पंधरा अंश मिळवून पाहावेत, म्हणजे उन्हाळ्यात काय वाढून ठेवले आहे ते कळते.

नवी मोटर मागवताना बहुतेक ऑर्डरवर ‘३७ किलोवॅट, १५०० आरपीएम, ड्राइव्हसाठी योग्य’ एवढेच असते, आणि पुरवणारा नेहमीची आयसी ४११ पाठवतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याच ऑर्डरवर एक ओळ वाढवावी: किमान वेग किती हर्ट्झ, त्या वेगावर टॉर्क किती टक्के, सलग किती तास, शेडचे कमाल तापमान किती. आणि पुढे, आयसी ४१६ ब्लोअरसह, १३० व १५५ अंशांचे थर्मिस्टर वाइंडिंगमध्ये.